अध्यक्ष आणि वयाची शिवी

आमच्या वाडीत भांडण झालं आणि कुणी कुणाला शिवी दिली, तर ती शिवी अध्यक्षांसमोर तीनदा म्हणून दाखवावी लागायची. जशीच्या तशी, हातवाऱ्यांसकट. ज्यानं दिली त्यानं उभं राहायचं, ज्याला दिली त्यानं समोर बसायचं, आणि मधे मारुतीच्या पारावर अध्यक्ष मांडी घालून, डोळे मिटून, कुणी भजन म्हणत असावं तसे ऐकायचे. ऐकून झालं की डोळे न उघडताच म्हणायचे, "पुन्ना म्हण."

पहिल्यांदा म्हणताना माणसाच्या कपाळाची शीर तटतटलेली असायची. दुसऱ्यांदा आवाज उतरायचा, कारण तोवर हापशावर आलेल्या बायका कळशा खाली ठेवून मजा बघायला उभ्या राहिलेल्या असायच्या. तिसऱ्यांदा शिवीत काही जीवच उरायचा नाही. आईवरची शिवी असली तर तोवर देणाऱ्याची स्वतःचीच आई कुठूनतरी उगवायची आणि पुढचं काम तीच करायची. मग अध्यक्ष नारळ फोडायचे, अर्धी वाटी याला, अर्धी त्याला, आणि दोघंही खोबरं चावत आपापल्या घरी जायचे. त्यांचं म्हणणं असं, की शिवी म्हणजे कोयता. दगडावर तीनदा हाणला की धार जाते.

राजगडाच्या पायथ्याला पाली, तिच्या अलीकडं ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडं आमची वाडी. अध्यक्ष म्हणजे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. किरकोळ भांडणं गावातच मिटावीत म्हणून सरकारनं गावोगाव या समित्या काढल्या. आजूबाजूला त्या बोर्डापुरत्या उरल्या. आमच्याकडं बोर्ड वाऱ्यानं पडला आणि अध्यक्ष उरले. त्याआधी भोरला कोर्टात त्यांनी उभा जन्म पुकारा करण्यात काढला होता. पक्षकाराचं नाव घेऊन "हाजिर हो" म्हणून ओरडणारा तो शिपाई. त्यामुळं आवाज असा, की त्यांनी पारावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतात बैल थांबायचा. बोलण्यात फिर्यादी, आरोपी, तारीख, मुदत असले शब्द. घरात काकूंनी भाकरीला उशीर केला तरी "पुढची तारीख कवाची?" असं विचारायचे. काकू म्हणायच्या, "तुमचा निकाल लागला म्हंजे सुटले." पन्नास वर्षं तो निकाल राखूनच होता.

शिव्यांची त्यांनी प्रतवारी लावलेली होती, आणि ती मला अजून पाठ आहे. आईबहिणीवरची शिवी म्हणजे नुसता धूर. देणाऱ्याला समोरच्याची आई कशी आहे याची काही माहिती नसते, त्यामुळं ती तीनदा म्हणून मिटते. व्यंगावरची शिवी वेगळी. आमच्याकडच्या सदूचा पाय लहानपणी कड्यावरून पडून अधू झाला होता. त्याला एकानं बांधाच्या भांडणात लंगड्या म्हटलं. ते प्रकरण आलं तेव्हा अध्यक्षांनी तीनदा काही म्हणायला लावलं नाही. म्हणणाऱ्याला सांगितलं, "ही दगडावर हाणून जात न्हाई. तेचा पाय उद्या बी तसाच हाय." आणि त्याला महिनाभर सदूच्या गुरांचं पाणी ओढायला लावलं.

जातीवरून बोललेलं तर ते पारावर येऊच द्यायचे नाहीत. खालच्या आळीतल्या एका माणसाला एक जण भर बाजारात जातीवरून बोलला. वाडीतली चार शहाणी माणसं अध्यक्षांकडं आली, गावातलं गावात मिटवू, नारळ दोन फोडू म्हणाली. अध्यक्षांनी डोक्यावर टोपी चढवली, त्या माणसाला बरोबर घेतलं आणि एसटीनं वेल्ह्याला पोलीस ठाण्यात गेले. परत आल्यावर चौघांनी तोंड फिरवलं, तर अध्यक्ष म्हणाले, ह्यो तंटा नव्हं, ह्यो गुन्हा हाय. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक कळत होता, आणि त्यावरून पुढं सहा महिने काही घरांनी त्यांना लग्नाच्या पत्रिका दिल्या नाहीत. जेवणावर जीव असलेला माणूस तो, पण त्यांनी त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही.

राहिली वयावरची शिवी. ती ते दाखलच करून घेत नसत. एकदा एक सासरा फिर्याद घेऊन आला, सून मला थेरडा म्हणाली. अध्यक्षांनी त्याला खाली बसवून विचारलं, तुझं वय काय? तो म्हणाला, सत्तरच्या पुढं. मग ती खोटं बोलली का? नाही. मग ती काय कायम तरणी राहणार आहे का? तेही नाही. "मग फिर्याद कशाची? जात तिला तुझी मिळायची न्हाई, पाय तुझा मिळायचा न्हाई, पर म्हातारपन मिळनार. तवा तिची सून बघंल. जा घरला." सासरा गेला, पण जाताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आम्ही पोरं हसलो. अध्यक्षांना स्वतःच्या निकालाचा फार अभिमान वाटला आणि पुढं आठवडाभर त्यांनी तो भेटेल त्याला ऐकवला.

आता त्यांची खोडही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी देवमाणसाचं चरित्र लिहायला बसलोय. वयावरून खाली मारण्यात अध्यक्षांचा हात कुणी धरला नसता. तरण्या माणसानं सभेत तोंड उघडलं की शेंबडं, दूधखुळं, काल जन्मलेलं, हे सगळं त्यांच्या जिभेवर तयार असायचं. मी एकोणीस वर्षांचा असताना ग्रामसभेत उभा राहिलो. गडावर येणारी पुण्याची माणसं प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या टाकून जातात, त्या ओढ्यात येतात आणि गुरं खातात, तेव्हा खाली एक चौकी बसवून पिशव्या मोजून वर सोडाव्यात, असं मी घाबरत घाबरत म्हणालो. आठ दिवस पाठ केलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "दिल्या, आदी मिशी यिऊ दे. मग कचऱ्याचं बगू."

अख्खी सभा हसली. कचऱ्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. चूक म्हणाले असते तरी चाललं असतं. चूक म्हणायलाही माझं बोलणं ऐकावं लागलं असतं. मिशीवर बोलल्यामुळं तेवढेही कष्ट पडले नाहीत. पुढं मला मिशी आली, चांगली झुपकेदार आली, लग्न झालं, पुण्यात नोकरी लागली. ओढ्यातल्या पिशव्या सहा वर्षं तशाच राहिल्या आणि शेजारच्यांची एक गाभण म्हैस पोटात प्लास्टिक जाऊन मेली. मी हे विसरलो नाही. मी असल्या गोष्टी विसरत नाही, बायको त्याला खुनशीपणा म्हणते, म्हणू दे.

मग ते टाळेबंदीचं साल आलं आणि मी पुण्याहून घरी आलो. पुढं नोकरीच गेली, तसा इथलाच झालो. वाडीतल्या पोरांनी तंबू लावायचं, पिठलंभाकरी द्यायचं काम सुरू केलं होतं, त्यात शिरलो. वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्याचा अ‍ॅडमिन झालो. अध्यक्षही त्या ग्रुपवर होते, आणि त्यांना बोलून संदेश पाठवता येतो हे कळल्यापासून आमचे हाल सुरू झाले. सकाळी सातला "नमस्कार मंडळी, अध्यक्ष बोलतोय" असं पुकाऱ्याच्या आवाजात सुरू व्हायचं आणि सहा सहा मिनिटं चालायचं. ओटीवर कुणी तो संदेश लावला की कोंबड्या उडायच्या.

पोरांनी ठरवलं होतं, की शनिवार-रविवारच्या गाड्या लावायला ओढ्याकाठची गायरानाची पट्टी साफ करायची, कुंपण घालायचं आणि मैदान करायचं. अध्यक्षांनी त्यावर संदेश टाकला. त्या पट्टीतून वरच्या धनगरवाड्याची मेंढरं उन्हाळ्यात ओढ्यावर पाण्याला उतरतात, दुसरीकडं कडा आहे, तिथं वाट अडवली तर मेंढरांना पाणी नाही, असं त्यात होतं. पण ते सहाव्या मिनिटाला होतं. आधीची पाच मिनिटं हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत, आम्ही भोरला चालत जात होतो, मोबाईलनं अक्कल खाल्ली, असंच होतं. मी दोन मिनिटं ऐकलं आणि खाली लिहिलं, "ओके बूमर."

तेव्हा माझं वय तेहेतीस. केस मागं सरकायला लागलेले. शब्द माझा नव्हता, भाच्याकडून ऐकलेला. पण ग्रुपवर पोरांनी हसणाऱ्या तोंडांचा असा पाऊस पाडला, की मला चौदा वर्षांनी ग्रामसभेत टाळी पडल्यासारखं वाटलं. तो संदेश शेवटपर्यंत कुणीच ऐकला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आमच्या ओटीवर हजर. रागावलेले नव्हते. शिवीत नवीन माल आला की त्यांना जी उत्सुकता असायची, तीच तोंडावर होती. ह्या शब्दाचा अर्थ सांग म्हणाले. मी सांगितलं, की अमेरिकेत मोठ्या युद्धानंतर लोकांना खूप पोरं झाली, सालागणिक झुंबड उडाली, त्या सालांत जन्मलेल्यांना तिकडं बूमर म्हणतात. आता ते म्हातारे झालेत, घरं-नोकऱ्या आधीच मिळवून बसलेत आणि वर तरुणांना शिकवतात, म्हणून पोरं त्यांना तसं चिडवतात.

अध्यक्षांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, माझा जन्म त्याच झुंबडीतला निघतो, म्हणजे साल बरोबर आहे, फक्त देश चुकला. मी म्हणालो, सालाचं कुणी बघत नाही अध्यक्ष, नवीन काही कळत नाही अशा कुणालाही म्हणतात. यावर त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग विचारलं, तुझा भाचा माझ्या वयाचा झाला म्हणजे त्याला काय म्हणतील? बूमर म्हणतील का? मी म्हणालो, नाही, तेव्हा दुसरा शब्द असेल. "म्हंजे ह्यो शब्द माज्याबर सरनार आनि शिवी तशीच ऱ्हानार. नवा मुडदा, नवं कापड." चहा संपवला आणि म्हणाले, नवीन आहे, तपासली पाहिजे, रविवारी पारावर ये.

इथं अध्यक्ष चुकले. वयावरची शिवी दाखल करायची नाही हा त्यांचाच नियम, तो त्यांनी स्वतःसाठी मोडला. मला वाटतं, त्यांना खरोखरच गंमत वाटत होती. वय तर सगळ्यांनाच आहे, ही सगळ्यात हलकी शिवी, तीनदा म्हटली की संपली, असा त्यांचा हिशेब. रविवारी सगळी वाडी जमली. फिर्यादीही तेच आणि न्यायाधीशही तेच, म्हणून आधीच हशा पिकला होता. ते डोळे मिटून बसले, मी उभा राहिलो.

मी म्हटलं, "ओके बूमर." लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, पुन्ना म्हण. मी म्हटलं, आणि या वेळी मागच्या पोरांनी माझ्याबरोबर म्हटलं. अध्यक्षांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आधीच हापशावरच्या बायका, शाळेतली पोरं, अधू पायाचा सदू, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. ज्यांना शब्द ठाऊक नव्हता त्यांनाही तो त्या पाच मिनिटांत पाठ झाला. सदू तर अध्यक्षांपेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण तोही मनापासून ओरडला. आपण त्यातले नाही हे दाखवायची त्याची धडपड बघून मला तेव्हा हसू आलं होतं. अध्यक्षांनी डोळे उघडले. नारळ फोडायचा राहिला.

त्या दिवसापासून त्यांचं नाव बूमर पडलं. अध्यक्ष म्हणणारे आम्ही काही जण उरलो. आणि या शिवीची एक जात मला तेव्हा कळली, की तिला उत्तर देताच येत नाही. अध्यक्ष चिडले तर पोरं म्हणायची, बघा, बूमर चिडला. गप्प बसले तर बूमर रुसला. एकदा त्यांनी बरोबर हसून पाहिलं, तर बूमर आता लाईनीवर येतोय म्हणाली. कुणी तुम्हाला चोर म्हटलं तर झडती देता येते. म्हातारा म्हटल्यावर झडती कशाची देणार? पांढरं डोकं घेऊन तर उभे आहात. त्यांनी ग्रुपवर बोलणं बंद केलं. सकाळी सात वाजता वाडी शांत झाली, आणि पहिले काही दिवस आम्हाला बरं वाटलं.

मैदानाचा विषय ग्रामसभेत आला तेव्हा अध्यक्ष उभे राहिले. या वेळी ते तयारी करून आले होते, हल्लीची पोरं वगैरे काही नव्हतं. "मंडळी, त्या पट्टीतनं..." एवढंच झालं आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बूमर." फार मोठ्यानं नाही. पोटातलं हसू दाबल्याचा आवाज सगळ्या खोलीत फिरला. ज्या माणसाच्या आवाजानं भोरच्या कोर्टात वकील दचकून जागे व्हायचे, त्यानं तोंड मिटलं आणि खाली बसला. सरपंच म्हणाले, वेळ नाही, पुढच्या सभेत ठराव घेऊ. अध्यक्षांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. मी दुसरीकडं बघितलं.

घरी येऊन मी तो जुना संदेश काढला आणि पहिल्यांदाच सहा मिनिटं पुरी ऐकली. मेंढरांचं तेवढं परत लावून ऐकलं. माणूस बरोबर बोलत होता आणि सगळ्या वाडीच्या कानाला कुलूप मी लावलं होतं. तरी मी काय केलं? काही नाही. आता मी उठून बोललो तर पोरं मलाही त्याच रांगेत बसवतील ही भीती. खरं सांगतो, तेवढीच.

जे केलं ते अध्यक्षांनीच केलं. आमच्याकडची पूजा गडावर माणसं घेऊन जायची, वय तेवीस, तोंडानं फटकळ, पोरांत तिला मान. अध्यक्ष तिच्या घरी गेले, कागद तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, हे तू वाच, माझं नाव घेऊ नकोस. तिनं मला नंतर सांगितलं, की तिनं आधी नकारच दिला. आबा, तुमचं आहे तर तुम्ही बोला, मी पोरांना गप्प करते म्हणाली. त्यावर ते म्हणाले, पोरं गप्प बसतील गं, पण ऐकणार नाहीत. मेंढरांना पाणी पाहिजे, मला टाळ्या नकोत.

पुढच्या सभेत पूजानं कागद मोबाईलमध्ये उतरवून घेतला होता, तो वाचला. शब्दही बदलला नव्हता. वाट कुठून जाते, उन्हाळ्यात मेंढरं किती वाजता उतरतात, कुंपण दहा हात वर घेतलं तर गाड्याही मावतात आणि वाटही राहते. पोरांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, हे आधीच का नाही कुणी सांगितलं? सरपंचांनी ठराव मांडला, हात वर झाले, दोन मिनिटांत मंजूर. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या अध्यक्षांनीही हात वर केला. पूजा खाली बसली ती मान खाली घालून, आणि टाळ्या वाजल्या तशी उठून बाहेर गेली.

परतताना मी मुद्दाम त्यांच्या बरोबर चाललो. वाटेत त्यांनी विचारलं, ती बोलली आणि मी बोलत होतो, त्यात काही फरक होता का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग बोलनं खरं हुतं. तोंड जुनं झालं." आणि हसले. ठराव झाल्याचा त्यांना आनंद होता, अगदी मनापासून, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, मी तुला एकदा मिशीवरून गप्प बसवलं होतं, ध्यानात आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाले, माझ्या नाही ध्यानात, पूजानं सांगितलं, तू तिला सांगितलंस म्हणे. "तुज्या शेजाऱ्याची म्हस मेली ती त्यामुळंच?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली. मी दोन्ही शिव्यांना एकाच मापानं मोजत होतो, फिट्टंफाट झाली असं मनात धरून होतो, पण त्यांनीच तो फरक काढून दाखवला. म्हणाले, तुला दिली ती मिशीची शिवी, तू नुसतं थांबलास तरी ती खोटी पडणार होती. मला दिलेली दिवसेंदिवस जास्तच खरी होत जाणार. "सदूच्या पायाशेजारी ठेवायची हुती म्या ही. सुनंची ती केस म्या चुकीची सोडली." तो सासरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

अध्यक्षपद त्यांनी त्याच महिन्यात सोडलं. नवीन अध्यक्ष झाले, ते तंटे फोनवर मिटवतात. पुढं दोन वर्षांत अध्यक्षांचं खाणं कमी झालं, छातीत पाणी झालं, आणि लेकीनं त्यांना आंबवड्याला आपल्याकडं नेलं. वाडीतलं कुणी ना कुणी जाऊन यायचं. मीच टाळत होतो. शेवटी पूजानं गाडी काढली, मागं बसा म्हणाली, आणि मी निमूट बसलो.

खाटेवर माणूस निम्मा झाला होता. आवाज मात्र पुरा गेला नव्हता. लेक चहा टाकायला आत गेली, पूजा तिच्या मागं गेली, तेव्हा मी पाय धरले आणि म्हणालो, अध्यक्ष, चुकलो, माफी द्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं होतं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. कोर्टातल्या माणसासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, नाही.

त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, सगळ्या जन्माचं काम शेवटी नीट लागल्यासारखा होता. "माफी दिऊन भागत न्हाई रं. दुसरी कंची बी शिवी आसती तर तुला उलट दिली आस्ती आनि मोकळा झालो आस्तो. ही मला देता येत न्हाई. तू हितवर पोचशील तवा म्या नसनार. ती तुला दुसरंच कुनीतरी देनार, नुकतं मिसरूड फुटल्यालं. आनि त्येला म्हाईत बी नसनार की ही माजी हाय." दम लागला म्हणून ते थांबले. मग माझा हात धरला आणि तो चहा येईपर्यंत सोडला नाही.

अध्यक्ष गेले ते त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी. वाडीवर आणून ओढ्यापलीकडं त्यांना नेलं. वरच्या वाड्यावरचे धनगर घोंगड्या पांघरून आले होते, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं लाकडं रचायला हात लावला. रडू मला तिथं आलं नाही. आठ दिवसांनी सकाळी सात वाजता फोन हातात घेतल्यावर आलं, आणि बायकोनं विचारलं तर मी डोळ्यांत कांदा गेला म्हणालो. घरात कांदा चिरलेला नव्हता.

आता मी चाळिशीच्या उंबऱ्यावर आहे. परवा पोरांची बैठक होती, तंबूंची बुकिंग कशी घ्यायची यावर. सगळं मोबाईलवरच करू म्हणत होते. मी म्हणालो, गडावर रेंज नसते, पावसाळ्यात तर दोन दोन दिवस नसते, एक वहीसुद्धा ठेवा. बोलणं संपायच्या आधीच एक नवीन पोरगा, मला नावही ठाऊक नाही त्याचं, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, तुमचा काळ गेला आता." पोरं हसली. वहीबद्दल कुणी काही बोललं नाही.

कान तापले, तोंडात उत्तर आलं, तुझ्या मिशीवरचं. ते गिळलं. पोरगा तसाच मोबाईलमध्ये होता, त्याला काही कल्पना नव्हती. मी खाली बसलो आणि मनातल्या मनात म्हणालो, पोचली, अध्यक्ष.